क्रेट-पॅलेट परत येतात, तरी अनामतीचा हिशेब जुळत नाही: चूक कुठे शोधावी

क्रेटमध्ये माल भरून, तो पॅलेटवर रचून वितरकांकडे पाठवणाऱ्या कारखान्यांत एक तक्रार दर काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढते. ग्राहक म्हणतो की त्याने क्रेट परत पाठवले, पण अनामत बिलात वळती झाली नाही. कारखान्याचा लेखा विभाग म्हणतो की जेवढे क्रेट आले तेवढी अनामत वळती केली आहे. गोदामपाल म्हणतो की मुळात क्रेटच पुरेसे नाहीत आणि नव्या मालासाठी नवे विकत घ्यावे लागणार. तिघेही आपापल्या कागदांनुसार खरे बोलत असतात, कारण तिघांचे कागद वेगळे असतात. फोनाफोनी करून एकदाचा हिशेब जुळवला जातो, आणि पुढच्या तिमाहीत तोच वाद पुन्हा उभा राहतो.

हा वाद कायमचा मिटवायचा असेल तर परत आलेल्या नगांची नोंद आणि अनामतीची नोंद एकाच पावतीवर टेकलेली असली पाहिजे. त्या पावतीशिवाय एक रुपयाही वळता होता कामा नये, आणि पावती झाली की एक रुपयाही अडता कामा नये. पुढे जे लिहिले आहे ते या एकाच गोष्टीभोवती आहे.

उदाहरणासाठी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतला सॉस आणि लोणची तयार करणारा एक कारखाना आणि त्याचा कोल्हापूरचा वितरक घेऊ. क्रेट ६०० × ४०० मिलिमीटरचा, पॅलेट १२०० × १००० मिलिमीटरचे. या मापात एका थरात बरोबर पाच क्रेट बसतात, एका ओळीत तीन उभे आणि दुसऱ्या ओळीत दोन आडवे, आणि पाच थरांचे मिळून एका पॅलेटवर पंचवीस क्रेट जातात. क्रेटची अनामत २५० रुपये आणि पॅलेटची १,६०० रुपये धरू. रक्कम प्रत्येकाची वेगळी असेल, पण हिशेबाची रीत तीच राहील.

आधी फरकाच्या रकमेला भागून पाहा

वाद आला की बहुतेक जण सगळी बिले काढून पहिल्यापासून टिकमार्क करायला बसतात. त्याआधी पाच मिनिटांचे एक काम करावे. ग्राहकाच्या खातेउताऱ्यातली अनामत आणि आपल्या वहीतली अनामत यांतला फरक काढावा आणि त्या फरकाला भागून पाहावे.

फरक २५० च्या पटीत असेल तर वाद क्रेटच्या नगसंख्येचा आहे. कोणीतरी मोजण्यात किंवा नोंदवण्यात चुकले आहे. १,६०० च्या पटीत असेल तर पॅलेटचा. ४५ च्या पटीत असेल तर कोणीतरी अनामतीवर अठरा टक्के जीएसटी लावला आहे, कारण २५० चे अठरा टक्के ४५ होतात. अशा वेळी ग्राहकाच्या उताऱ्यात प्रत्येक क्रेट २९५ रुपयांना पडलेला दिसतो. मधल्या काळात अनामत २०० वरून २५० केली असेल आणि फरक ५० च्या पटीत येत असेल, तर जुन्या दराने घेतलेले क्रेट नव्या दराने परत केले जात आहेत, किंवा उलट. आणि फरक यांपैकी कशातच बसत नसेल, तर तो बहुधा क्रेटचा नाहीच. योजनेची सूट, मालाची तूट किंवा भाड्याची वजावट अनामतीच्या खात्यात पडली आहे, आणि ती तिथून काढून तिच्या जागी ठेवली की क्रेटचा हिशेब जुळलेला सापडतो.

काही रकमा एकापेक्षा जास्त भाजकांनी भागल्या जातात. उदाहरणार्थ ४५० रुपये ४५ च्याही पटीत येतात आणि ५० च्याही. तेव्हा भागाकारावर निकाल देऊ नये, पण कुठली बिले आधी उघडायची हे त्यावरून नक्की कळते. कराचा संशय असेल तर बिलाची मांडणी पाहावी, दराचा संशय असेल तर दर बदलला त्या महिन्यापासून पाहावे, आणि नगसंख्येचा संशय असेल तर सरळ गेटवर जावे.

गेटवरची मोजणी

नगसंख्येचे बहुतेक वाद एकाच ठिकाणी जन्मतात. कोल्हापूरला माल उतरवून गाडी रिकामी परत निघते, वितरकाच्या गोदामातला माणूस रिकाम्या क्रेटच्या थप्प्या गाडीत चढवतो आणि चिठ्ठीवर "क्रेट १२०, पॅलेट ५" असे लिहून देतो. वितरकाचा लेखापाल त्याच चिठ्ठीवरून १२० नगांची अनामत येणे धरतो. गाडी रात्री सातपूरला पोहोचते, सकाळी हमाल थप्प्या उतरवतात, आणि दुपारी कधीतरी गोदामपाल वहीत आकडा लिहितो. चिठ्ठीतला आकडा आणि वहीतला आकडा यांची गाठ कोणी घालून देत नाही.

थप्पी मोजण्यात दोन खाचा आहेत. पहिली, थप्पी दहाचीच आहे असे गृहीत धरून थप्प्या मोजल्या जातात; कडेच्या थप्पीत नऊ असतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी, थप्पीच्या मधोमध दुसऱ्याच कंपनीचा, त्याच रंगाचा क्रेट बसलेला असतो. ६०० × ४०० हे माप बाजारात सर्रास चालते, त्यामुळे परका क्रेट आपल्या क्रेटवर अगदी नीट बसतो आणि बाजूने पाहिल्यावर वेगळा दिसत नाही. क्रेटच्या आखूड बाजूला, हात घालायच्या खाचेखाली आपले नाव ठसठशीत उठवलेले असेल आणि थप्पी लावताना सगळ्या आखूड बाजू एकाच दिशेला ठेवायचा नियम असेल, तर परका क्रेट दुरून ओळखू येतो. रंगीत पट्टी किंवा शाईचा शिक्का यावर विसंबू नये. दोन पावसाळ्यांत आणि धुण्याच्या सोड्यात ते निघून जातात.

आपल्या उदाहरणात चिठ्ठी १२० क्रेटची आहे. गेटवर प्रत्येक थप्पी सुटी करून मोजल्यावर ११७ भरले. त्यांतले चार परके निघाले. म्हणजे आपले ११३, आणि त्यांतल्या दोघांचे कोपरे फुटलेले. पॅलेट पाचच्या पाच आली.

येथे चार प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली हवीत, नाहीतर प्रत्येक गाडीला नवा वाद होतो. पहिला प्रश्न, मोजणी कोणाची ग्राह्य धरायची? माझ्या मते गेटची, पण एका अटीवर: गाडी आल्याच्या दिवशीच मोजणी झाली पाहिजे आणि चिठ्ठीपेक्षा आकडा कमी आला तर वितरकाला त्याच दिवशी, थप्पी अजून समोर असताना, छायाचित्रासह कळवले पाहिजे. तीन दिवसांनी कळवलेली तूट वितरकाने मान्य करावी अशी अपेक्षा करणे रास्त नाही. दुसरा प्रश्न, हरवलेले तीन क्रेट कुठे गेले? हे कळण्यासाठी चिठ्ठीवर वाहनचालकाचा रकाना वेगळा हवा. त्याने चढवताना स्वतः मोजून ११७ लिहिले असतील तर चूक कोल्हापूरच्या गोदामात आहे. त्याने १२० लिहून सही केली असेल तर वाटेत काहीतरी झाले आहे आणि तो प्रश्न वितरकाचा नसून आपल्या वाहतूकदाराचा आहे. त्या स्थितीत वितरकाला १२० ची अनामत द्यावी आणि तीन क्रेटचे पैसे वाहतूकदाराच्या भाड्यातून कापावेत. आपल्या उदाहरणात चालकाचा आकडा ११७ होता.

तिसरा प्रश्न परक्या चार क्रेटचा. ते जमा धरायचे नाहीत आणि ठेवूनही घ्यायचे नाहीत. ते वेगळे काढून, पावतीवर "परके ४, पुढील गाडीने परत" असे लिहून, खरोखरच पुढच्या गाडीत घालावेत. अनेक गोदामांत हे क्रेट कामाला येतात म्हणून ठेवून घेतले जातात. मग दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या गोदामात आपलेही क्रेट असेच राहतात, आणि त्याबद्दल तक्रार करायला आपल्याला तोंड उरत नाही.

चौथा प्रश्न फुटलेल्या दोन क्रेटचा, आणि याबाबत माझे मत ठाम आहे. नेहमीच्या वापरात फुटलेला क्रेट पूर्ण अनामतीसह जमा करून घ्यावा. फुटलेल्या क्रेटची अनामत अडवली की वितरक तो पाठवणेच बंद करतो. त्याच्या नावावरची नगसंख्या कधीच खाली येत नाही, आणि कोणते क्रेट हरवले व कोणते फुटले हे आपल्याला कधीच कळत नाही. शिवाय फुटलेला क्रेट हातात आला तर तो भंगारात वजनावर विकता येतो किंवा क्रेट बनवणाऱ्याला दळून वापरण्यासाठी देता येतो. मुद्दाम कापलेला, जळालेला किंवा रंग-तेलासाठी वापरलेला क्रेट मात्र जमा धरू नये, आणि हे अनामतीच्या अटींत शब्दांत लिहावे.

या सगळ्याची मिळून एक जमा पावती बनते: क्रमांक, दिनांक, गाडी क्रमांक, चिठ्ठीतला आकडा, चालकाचा आकडा, गेटचा आकडा, परके, फुटलेले, आणि शेवटी "अनामतीस पात्र: क्रेट ११३, पॅलेट ५". वितरकाला हीच पावती पाठवायची आणि पुढच्या बिलावर हाच क्रमांक छापायचा.

परतीच्या रिकाम्या क्रेटसोबत कागदही हवेत. ही विक्री नसल्यामुळे बिल लागत नाही, पण केंद्रीय जीएसटी नियम ५५ नुसार तीन प्रतींतले डिलिव्हरी चलन लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपेक्षा जास्त मूल्याचा माल जात असेल तर ई-वे बिलाचा प्रश्न येतो. राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ही मर्यादा पन्नास हजारांची आहे. येथे मूल्य धरायचे ते क्रेटचे, अनामतीचे नव्हे. शंभर-सव्वाशे क्रेटची गाडी सहसा एक लाखाच्या मर्यादेखाली राहते.

बिलावर अनामत कुठे दाखवावी

दुसरी मोठी गडबड बिलाच्या मांडणीत होते. अनेक ठिकाणी क्रेटची अनामत ही मालासारखीच एक ओळ म्हणून बिलात घातली जाते, आणि परत आलेल्या क्रेटची रक्कम सूट म्हणून वजा केली जाते. दोन्ही चूक आहे. ओळ मालाच्या रकान्यात गेली की संगणक तिच्यावर कर लावतो. वजावट सुटीच्या रकान्यात गेली की मालाचे करपात्र मूल्य विनाकारण कमी होते आणि सरकारला कर कमी भरला जातो. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम २(३१) मध्ये स्पष्ट म्हटले आहे की पुरवठ्यासंबंधी दिलेली अनामत, पुरवठादार ती मोबदला म्हणून वळती करून घेत नाही तोपर्यंत, त्या पुरवठ्याचे पैसे मानली जात नाही. म्हणून परत मिळणारी अनामत कराच्या हिशेबात वरही येत नाही आणि खालीही येत नाही. याच कारणाने ती परत करताना जीएसटीची क्रेडिट नोटही काढायची नसते. जिच्यावर कर आकारलेलाच नव्हता, त्या रकमेचा कर कमी कसा करणार?

काही जण अनामत करानंतर दाखवतात, पण बिलाच्या एकूण रकमेतच मिळवतात किंवा वजा करतात. कायद्याच्या दृष्टीने यात कर चुकत नाही, तरी ग्राहकाच्या लेखा विभागात असे बिल अडकते. मोठ्या ग्राहकाकडे बिलाची एकूण रक्कम खरेदी आदेशाशी आणि जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या रकमेशी ताडून पाहतात. त्यात हजार-दोन हजारांचा फरक दिसला की बिल "चौकशीसाठी" बाजूला पडते, आणि आपण पैसे उशिरा आले म्हणून तक्रार करत राहतो. त्यामुळे बिलाची एकूण रक्कम जशीच्या तशी ठेवावी आणि तिच्याखाली वेगळी चौकट काढून अनामतीचा हिशेब द्यावा.

आपल्या उदाहरणात महिन्याच्या सुरुवातीला वितरकाकडे १८० क्रेट आणि ८ पॅलेट होती. त्यांची अनामत ५७,८०० रुपये. पहिल्या गाडीने १५० क्रेट आणि ६ पॅलेट गेली. त्यांचे ४७,१०० रुपये. ती गाडी परतताना वर सांगितलेले ११३ क्रेट आणि ५ पॅलेट जमा झाली. त्यांचे ३६,२५० रुपये. आता दुसरी गाडी १२५ क्रेट आणि ५ पॅलेट घेऊन निघते आणि तिच्या बिलाची करासह रक्कम २,१०,००० रुपये आहे. या बिलाखालची चौकट अशी दिसेल:

बिलाची एकूण रक्कम (करासह): ₹ २,१०,०००
अनामत चौकट (यावर कर नाही)
मागील शिल्लक: क्रेट ३३०, पॅलेट १४, ₹ १,०४,९००
वजा, जमा पावतीनुसार परत: क्रेट ११३, पॅलेट ५, ₹ ३६,२५०
अधिक, या गाडीने पाठवलेले: क्रेट १२५, पॅलेट ५, ₹ ३९,२५०
आजची शिल्लक: क्रेट ३४२, पॅलेट १४, ₹ १,०७,९००
या बिलासोबत अनामतीपोटी द्यायचे: ₹ ३,०००
प्रत्यक्ष देय रक्कम: ₹ २,१३,०००

या चौकटीची खरी ताकद नगसंख्येच्या रकान्यात आहे. केवळ "अनामत वजावट ₹ ३६,२५०" असे छापले तर ग्राहकाला ते कशाचे हे विचारण्यासाठी फोन करावा लागतो. नग छापले की त्याचा गोदामपाल आणि लेखापाल एकाच कागदावर बोट ठेवू शकतात. शिवाय प्रत्येक बिलावर चौकट स्वतःच स्वतःला तपासते: ३४२ क्रेटना २५० ने आणि १४ पॅलेटना १,६०० ने गुणून येणारी बेरीज १,०७,९०० आली नाही, तर बिल छापण्याआधीच कुठेतरी चूक आहे. आपल्या वहीतही अनामतीचे खाते विक्रीखाली न ठेवता देणी या गटात ठेवावे, आणि प्रत्येक ग्राहकासाठी ते त्याच्या मालाच्या खात्यापासून वेगळे असावे. दोन्ही एकाच खात्यात मिसळली की महिन्याअखेरीस क्रेटचे पैसे कोणते आणि सॉसचे कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही.

गाडी निघण्याआधी बिल तयार होते आणि रिकामे क्रेट ती गाडी परतताना येतात. त्यामुळे वजावट नेहमी एक बिल मागे राहते. हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी लेखी सांगावे, तसेच कोणत्या वेळेपर्यंत झालेली पावती पुढच्या बिलात धरली जाईल हेही सांगावे. अनेक भांडणे एवढ्या एका न सांगितलेल्या गोष्टीमुळे होतात.

ग्राहकाने आधीच रक्कम कापली असेल तर

हा दोष सर्वांत महाग पडतो आणि सर्वांत उशिरा सापडतो. कोल्हापूरच्या लेखापालाने चिठ्ठीवरून १२० क्रेट आणि ५ पॅलेटचे ३८,००० रुपये आधीच्या बिलाच्या रकमेतून कापून घेतले. आपण नंतर पावतीनुसार ३६,२५० रुपये नव्या बिलात वळते केले, आणि त्याने नव्या बिलाचे २,१३,००० पूर्ण भरले. आता आपल्या अनामत खात्यात सगळे बरोबर दिसते. फक्त जुन्या एका बिलावर ३८,००० रुपये येणे दिसत राहते. वसुली करणारा माणूस ते मालाची थकबाकी समजून मागतो आणि वितरक साफ नाकारतो, कारण त्याच्या मते ते क्रेटचे आहेत. असे महिनोन्‌महिने चालू शकते.

ओळखायची खूण अशी: जुन्या बिलावर अडकलेली रक्कम क्रेट आणि पॅलेटच्या दरांत नीट बसते. ३८,००० म्हणजे १२० गुणिले २५० आणि ५ गुणिले १,६००. या जोडीची चिठ्ठी फाईलमध्ये सापडली की प्रश्न सुटला. दुरुस्ती करताना नव्या बिलातली वजावट उलटवू नये. ती पावतीवर आधारलेली आहे आणि बरोबर आहे. जुन्या बिलावरची कपात ही मालाची कमी भरलेली रक्कम म्हणूनच ठेवावी आणि ग्राहकाला एका पानावर दोन्ही नोंदी शेजारीशेजारी दाखवून ३८,००० रुपये भरायला सांगावे. तो म्हणेल की मग सात क्रेटचे १,७५० रुपये तरी त्याच्याच हक्काचे आहेत. तेव्हा पावती पुढे करावी: चार परके होते, जे परत पाठवले, आणि तीन चालकाच्या मोजणीतही नव्हते.

पुढे हे होऊ नये म्हणून अटींत एक वाक्य असावे की अनामत केवळ बिलावरील चौकटीतून वळती होईल, ग्राहकाने परस्पर कापू नये. पण हे वाक्य लिहून ते पाळले जाईल अशी अपेक्षा तेव्हाच करावी, जेव्हा आपण वेळेवर वळती करतो. वजावट दोन-दोन बिले पुढे ढकलणाऱ्या पुरवठादाराचे ग्राहक परस्पर कापतातच.

दर बदलताना

अनामत २०० वरून २५० करताना जुने आणि नवे क्रेट वेगळे ओळखता येत नाहीत. जुन्या क्रेटची अनामत जुन्या दराने आणि नव्याची नव्या दराने द्यायची असे ठरवले तर पहिल्याच गाडीला गोंधळ होतो. त्यापेक्षा दर बदलण्याच्या दिवशी वितरकाकडची शिल्लक दोघांनी मिळून मोजावी, वाढीव ५० रुपये सगळ्या शिलकीवर एकदाच घ्यावेत आणि त्या क्षणापासून एकच दर ठेवावा. १८० क्रेट असतील तर ही वाढ ९,००० रुपयांची होते. कोणी एकदम द्यायला तयार नसेल तर ती तीन बिलांत विभागून चौकटीत वेगळ्या ओळीत दाखवता येते, पण दोन दर एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

परत मागताना काय लिहावे

हिशेब जुळला तरी क्रेट परत येण्यासाठी मागावे लागतात. "आपल्याकडे ३४२ क्रेट शिल्लक आहेत, कृपया सर्व त्वरित परत करावेत" असे पत्र वितरकाला अन्यायाचे वाटते, आणि त्यात त्याचे चुकत नाही. आठवड्याला साधारण १५० क्रेट जात असतील आणि माल दुकानांत पोहोचून रिकामा क्रेट परत यायला दोन आठवडे लागत असतील, तर सुमारे ३०० क्रेट त्याच्याकडे असणे ही सामान्य स्थिती आहे. मागणी करायची ती त्यावरच्या चाळीसेक क्रेटची. पॅलेटचे गणित वेगळे आहे. ती दुकानांत जात नाहीत, गोदामातच राहतात, आणि ओल लागू नये म्हणून साखरेच्या किंवा पिठाच्या पोत्यांखाली घातली जातात. म्हणून पॅलेट एका गाडीमागे परत आली पाहिजेत, आणि १४ पैकी ८-९ मागायला काहीच हरकत नाही.

पत्राचा एक नमुना असा:

"माननीय महोदय,
आपल्या दिनांक … च्या बिलावरील अनामत चौकटीनुसार आपल्याकडे ३४२ क्रेट आणि १४ पॅलेट शिल्लक आहेत. आपल्या नेहमीच्या उचलीनुसार सुमारे ३०० क्रेट फिरते राहणे अपेक्षित आहे. आमची पुढील गाडी … रोजी आपल्याकडे येत असून तिच्यात परतीसाठी जागा राखून ठेवली आहे. त्या गाडीतून किमान ४० जादा क्रेट आणि ९ पॅलेट पाठवावीत, ही विनंती. गेटवरील जमा पावती त्याच दिवशी आपणास पाठवण्यात येईल आणि तिची अनामत लगेच पुढच्या बिलात वळती करण्यात येईल. शिलकीच्या आकड्याबाबत आपली हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी."

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. तारीख आणि गाडी दिल्याशिवाय क्रेट मागण्यात अर्थ नसतो, कारण हे क्रेट एकात एक बसत नाहीत. रिकामे असतानाही भरलेल्याइतकीच जागा खातात, आणि वितरक स्वतःच्या खर्चाने वेगळी गाडी करून ते पाठवणार नाही. आणि अनामत कधी मिळणार हे त्याच पत्रात लिहिल्यामुळे गोदामातल्या माणसाला लेखापालाकडून रेटा मिळतो.

असे पत्र दोनदा जाऊनही नगसंख्या वाढतच राहिली, तर अनामतीची रक्कम तपासावी. जुना क्रेट बाजारात अनामतीपेक्षा जास्त किमतीला विकला जात असेल, तर तो भाजीच्या गाड्यांवर आणि रोपवाटिकांत जाणारच. तेथे पत्रांचा उपयोग नाही, दर वाढवावा लागतो. उलट अनामत फार जास्त असेल तर वितरकाचे भांडवल अडकते आणि तो मालच कमी उचलतो.

जे परत येणारच नाहीत त्यांचे

वितरक स्वतः कबूल करतो की वीस क्रेट हरवले आहेत, तेव्हा ते शिलकीत ओढत नेऊ नयेत. त्यांची अनामत किंमत म्हणून आपल्याकडे ठेवायची असेल तर ती आता अनामत राहत नाही, मोबदला होतो, आणि त्या दिवशी करपात्र बिल करावे लागते. प्लास्टिकचे क्रेट शीर्षक ३९२३ खाली येतात आणि त्यावर अठरा टक्के कर आहे. २५० रुपयांत कर धरला आहे की तो वेगळा द्यायचा, हे अटींत आधी लिहिलेले असावे. कर आत धरला असेल तर एका क्रेटचे करपात्र मूल्य २११.८६ रुपये आणि कर ३८.१४ रुपये होतो. वीस क्रेटची अनामत ५,००० रुपये पूर्ण वापरली जाते आणि ग्राहकाला वेगळे काही द्यावे लागत नाही. चौकटीतून वीस नग आणि ५,००० रुपये दोन्ही एकाच दिवशी, त्या बिलाचा क्रमांक देऊन कमी करावेत. मुदत संपल्यामुळे दंड म्हणून अनामत जप्त करायची असेल, तर कराचा प्रश्न करारातील शब्दांवर अवलंबून राहतो आणि तो आपल्या सनदी लेखापालाकडून आधी तपासून घ्यावा.

व्यवहारच थांबवणाऱ्या ग्राहकासाठी "पुढचे बिल" नसते, त्यामुळे वर सांगितलेली सारी रीत तेथे लागू पडत नाही. शेवटची मोजणी त्याच्या गोदामात दोघांच्या सह्यांनी करावी, उरलेले नग एका गाडीने आणावेत आणि अनामत थेट बँकेतून परत करावी. त्याच्याकडे मालाची थकबाकी असेल आणि अनामत तिच्यात वळती करायची असेल, तर त्याची लेखी संमती घेऊनच ती करावी, आणि संमतीच्या कागदावर नगसंख्या शून्य झाल्याचे नमूद करावे.